नंबर वाढवला तरी नख काळंच? मग टाच बांध

"दादा, मागच्या महिन्यात कळसूबाई केला. चढताना काहीच त्रास नव्हता, पण उतरताना बारी गावात पोचेपर्यंत दोन्ही अंगठे ठणकायला लागले आणि दोन दिवसांत नखं काळी पडली. शूज नवे, ८ नंबरचे, अँकलच्या खालचे, घरात घालून फिरलो तेव्हा एकदम परफेक्ट बसलेले. ग्रुपमधला एक जण म्हणतोय अर्धा नंबर मोठा घे. दुकानदार म्हणतोय मोठा घेतला तर पाय आत हलणार. खरं कुणाचं? आणि उतरताना लेस वेगळी बांधतात म्हणे, ती कशी? आता रांगण्यावरून खाली कोकणात उतरायचं ठरलंय." – राजारामपुरीतला एक ट्रेकर

भावा, दोघांचंही खरं आहे, आणि गंमत म्हणजे दोघांपैकी एकाचंच ऐकलंस तर नख परत काळं पडणार. ग्रुपमधला बोलतोय ती बुटाच्या पुढच्या टोकाची गोष्ट आणि दुकानदार बोलतोय ती टाचेची. मार लागतो पुढं पण सुरुवात होते मागून, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

उतारावर तू पाऊल टाकलंस की बूट दगडाला धरून जागेवर थांबतो. पण आतला पाय थांबत नाही, त्याच्यावर तुझं वजन आहे, पाठीवर सॅक आहे, आणि ते सगळं घेऊन तो बुटाच्या आत पुढं सरकतो आणि अंगठा समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. एकदा आदळला तर कळतसुद्धा नाही. पण कळसूबाईवरून उतरताना तू असली हजारो पावलं टाकलीस, म्हणजे कुणीतरी चमच्यानं तुझ्या नखावर दोन-तीन तास टकटक करत बसल्यासारखं आहे ते. नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, वर नख कडक, खाली हाड, रक्ताला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते तिथंच साठतं, आधी ठणकतं आणि मग काळं दिसतं. चढताना पाय मागं टाचेकडं रेलतो, म्हणून वर जाईपर्यंत तुला काही कळलं नाही.

आपल्या कोल्हापुरी चपलेकडं बघ की. तिला पुढं भिंतच नाही, त्यामुळं अंगठा कशावर आदळणार? पण नुसतं तेवढंच नाही, उतारावर पाय चपलेतून पुढं निसटून का जात नाही, तर पावलाच्या वर, चवड्याच्या मागं जो पट्टा बसतो तो पायाला मागं धरून ठेवतो, आणि अंगठ्याचं कडं थोडी मदत करतं. बुटात पट्ट्याचं हे काम लेसनं करायचं असतं. आपण लेस बांधतो ती बूट पायातून निघू नये म्हणून, पाय पुढं जाऊ नये म्हणून कोण बांधतोय? (म्हणून चपलेवर रांगणा उतरू नकोस, ओल्या दगडावर चामडं कसं घसरतं ते मी बघितलंय.)

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा नखं गेली तेव्हा मलाही कुणीतरी मोठा नंबर घे म्हणून सांगितलं, आणि मी शहाणा, अर्धा कशाला, पूर्ण एक नंबर मोठा घेतला. दुकानातल्या माणसानंही "सॉक्स जाड घाला, बसतंय" म्हणून गळ्यात मारला. तो घालून साल्हेर उतरलो. मागच्या वेळी दोन नखं काळी झाली होती, या वेळी चार झाली, शिवाय टाचेला फोड. कारण भिंत लांब गेली खरी, पण पायाला धरणारं काहीच नव्हतं, म्हणून पाय आणखी लांबून धावत येऊन आदळत होता. बॉलरला रनअप वाढवून दिल्यासारखं झालं. वर आणि बूट मोठा झाला की तो वाकतो ती जागाही पुढं जाते. बूट जिथं वाकतो तिथंच चवडा वाकला पाहिजे, तो मागं राहिला की प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते आणि घासते. म्हणून अर्धा नंबर. एक नाही, दीड तर अजिबात नाही.

आता अर्धा नंबर म्हणजे नेमकं किती वाढतं ते बघ, कारण लोकांना वाटतं लई फरक पडतो. आपल्याकडं बुटावर यूके म्हणून जो नंबर असतो त्यात एका पूर्ण नंबराचा फरक म्हणजे साधारण साडेआठ मिलीमीटर, म्हणजे अर्ध्याचा चार मिलीमीटरच्या जरा वर. तेवढंच. पण उतारावर तेवढ्यानंच काम होतं.

माझ्या पायाचं गणित देतो, तू तुझं तसंच कर. संध्याकाळी, दिवसभर पायावर उभा राहून झाल्यावर, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभा राहिलो आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढं पेन्सिलीनं खूण केली. डावा पाय २६.२ सेंटीमीटर, उजवा २६.६. माझा उजवा मोठा आहे, तुझा कुठला आहे बघ, दोन्ही सारखे क्वचितच असतात आणि बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा. मग ८ नंबरच्या बुटातला इनसोल काढून पट्टीनं मोजला, तो भरला २७.२. म्हणजे उजव्या पायापुढं सहा मिलीमीटर मोकळे. घरात फरशीवर ते एकदम परफेक्ट वाटतात, तुला वाटले तसेच. पण चार-पाच तास चालून पाय सुजतो, लांबतो, रुंदही होतो, जाड सॉक्स थोडी जागा खातो, आणि त्या सहातले उरतात किती? उतारासाठी सगळ्यात लांब बोटापुढं सेंटीमीटरभर जागा पाहिजे. सहात चार मिळवले की दहा झाले. आला की नाही साडेआठ नंबर? पण हेच गणित करून तुझं आधीच दहा-अकरा मिलीमीटर निघालं तर नवा बूट घेऊ नकोस, तुझा प्रॉब्लेम सगळा लेसचा आहे, पैसे वाचले.

एक गोष्ट बरेच जण चुकतात. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. खूप जणांचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढं असतं, आणि दुकानात आपण बुटावरनं अंगठाच दाबून बघतो. त्यांचं दुसऱ्या बोटाचं नख जातं आणि कळतच नाही का गेलं.

नवा बूट घ्यायच्या आधी जुन्याची चौकशी कर, तो सगळं सांगतो. इनसोल बाहेर काढ आणि उजेडात धर. बोटांचे काळपट ठसे दिसतील. ते ठसे इनसोलच्या पुढच्या कडेच्या आत असतील तर ठीक. माझ्या जुन्या बुटात अंगठ्याचा ठसा कडेवर चढला होता, कापड तिथं घासून गुळगुळीत झालेलं आणि कडा जरा वर वळलेली, म्हणजे अंगठा रोज तिथं जाऊन धडकत होता. टाचेकडं बघ, तिथं एकच खोल वाटीसारखा ठसा असेल तर टाच जागेवर होती, पण ठसा पुढं-मागं पसरट, पुसल्यासारखा असेल तर टाच सरकत होती. नखाचंही बघ. नखाचं टोक काळं असेल तर पाय लांबीत सरकतोय, हा तुझा प्रकार दिसतोय. नखाचा वरचा भाग किंवा बोटाचा सांधा दुखत असेल तर बूट पुढं उंचीला कमी आहे, आणि करंगळीची बाहेरची बाजू सोललेली असेल तर रुंदी कमी आहे. या दोन्हीला अर्धा नंबर वाढवून फारसा उपयोग नाही, तिथं दुसरं मॉडेलच बघावं लागतं, पुढं जरा रुंद आणि फुगीर नाकाचं.

आता खरेदी. संध्याकाळीच जा, आणि ट्रेकचे सॉक्स घरून घेऊन जा, दुकानातल्या डब्यातल्या पातळ सॉक्सवर नंबर ठरवू नको. रंकाळ्याला एक फेरी मारून गेलास तर उत्तम, पाय जरा सुजलेला असतो. लेस पूर्ण सैल कर, पाय आत घालून बोटं पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत ढकल आणि टाचेच्या मागं बोट घालून बघ. एक बोट आरामात गेलं की लांबी बरोबर. दोन बोटं गेली तर मोठा. अजिबात जात नसेल तर लहान. मग टाच दोनदा जमिनीवर आपट म्हणजे ती मागं जाऊन बसेल, लेस नीट बांध, खाली कशी बांधायची ते सांगतो तशी, आणि जिना शोध. दुकानात लाकडी उतार ठेवलेला असला तर नशीब, नाही तर जिन्यावर पायरीच्या कडेला चवडा बाहेर काढून तोंड खाली करून उभा राहा, वजन टाक, गुडघा वाकवून दोन-चार पायऱ्या जोरात उतर. समोरच्या भिंतीला बोट लागलं तर सेल्समनला धन्यवाद म्हणून दुसरा जोड माग. "वापरून सैल होतंय" असं तो म्हणेल. रुंदी थोडी सैल होते, लांबी होत नाही, त्यावर जाऊ नकोस.

अर्धे नंबर सगळीकडं मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. बऱ्याच स्वस्त बुटांत ८ नंतर थेट ९ येतो. तेव्हा आधी दुसरं मॉडेल बघ, कारण एकाच ८ नंबरात कंपनी-कंपनीत फरक असतो आणि एखाद्याचा ८ तुला साडेआठासारखा बसेल. तेही नाही मिळालं आणि ९ च घ्यावा लागला तर आत जरा जाड इनसोल टाक म्हणजे पाय वर उचलला जाऊन लेसखाली घट्ट बसतो, आणि जिभेच्या आतल्या बाजूला, पावलाचा उंचवटा जिथं येतो तिथं, फेल्टचा किंवा फोमचा पातळ तुकडा चिकटव. चप्पल-बूट शिवणारा माणूस दहा मिनिटांत करून देतो. तो तुकडा पायाला वरून मागं दाबतो. जुगाड आहे, पण चालतो. फक्त टाच तरीही उचलत असेल तर ९ नंबर परत कर.

लेसकडं येऊ. तुझे बूट अँकलच्या खालचे म्हणतोस, म्हणजे सगळ्यात वरच्या भोकाजवळ, थोडं मागच्या बाजूला, एक जादा भोक असण्याची शक्यता आहे. बहुतेक जण आयुष्यभर त्यात लेस घालत नाहीत आणि ते कशासाठी आहे ते विचारतही नाहीत. ते टाच धरायला आहे.

आधी खाली बोटांकडच्या दोन ओळी सैल ठेव, बोटं आत हलली पाहिजेत. लोक नेमकं उलटं करतात, बोटांवर आवळतात आणि वर सैल सोडतात, मग सुजलेली बोटं दाबली जातात आणि टाच मोकळी. त्याच्या वरच्या, म्हणजे पावलाचा उंचवटा सुरू होतो तिथल्या दोन ओळी चांगल्या ओढ, प्रत्येक ओळ वेगळी बोटानं ओढायची, वरनं टोक धरून एकदम ओढलं तर खालपर्यंत ताण पोचत नाही. नेहमीसारखं तिरकं तिरकं घालत शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत ये. आता तिरकं जायचं नाही. उजवं टोक उजव्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाल, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या बाजूला छोटा फासा तयार होईल, कानातल्या डुलाएवढा. डावीकडं तसंच. मग उजवं टोक डाव्या फाशातून काढ, डावं टोक उजव्या फाशातून. आता महत्त्वाचं. टोकं वर छातीकडं ओढायची नाहीत, ती खाली आणि मागं, टाचेच्या दिशेनं ओढायची. ओढलंस की फासे पायाला चिकटतील आणि घोट्याच्या पुढं कुणीतरी मुठीत धरल्यासारखं वाटेल. मग साधी गाठ आणि वर एक डबल. पहिल्या वेळी घरात कॉटवर बसून चार-पाच वेळा कर, गडावर वारा सुटलेला असताना शिकायची ही गोष्ट नव्हे. फाशांनी लेस खाल्ली जाते, टोकं तोकडी पडली तर जरा लांब लेस घेऊन घाल, आणि चपटी घे, गोल लेस जास्त सुटते.

तुझ्या ग्रुपमध्ये कुणाचे उंच, हुकवाले बूट असतील तर त्यांना फासे नकोत. पाय जिथं वाकतो, म्हणजे शेवटचं भोक आणि पहिला हुक यांच्यामध्ये, तिथं दोन्ही टोकं एकमेकांभोवती एकदा नाही, दोनदा गुंडाळायची आणि ओढून घट्ट करायची. दोन वेढ्यांत लेस स्वतःच अडकून बसते, वरची सैल झाली तरी खालचा ताण सुटत नाही. वाटल्यास त्याच्या वरच्या हुकाआधी अजून एकदा तसंच. म्हणजे बोटांजवळ सैल, उंचवट्यावर घट्ट, असे दोन वेगळे ताण एकाच लेसवर राहतात.

हे सगळं सकाळी गाडीतून उतरताना एकदा बांधून दिवसभर चालणार नाही. चढताना घोट्याजवळ जरा सैलच बरं, पाय पुढं वाकवायला मोकळा लागतो. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावर फोटोबिटो झाले की, पाच मिनिटं दगडावर बस. लेस तिसऱ्या ओळीपर्यंत उघड, पाय बाहेर काढून सॉक्सची बोटांवरची घडी सरळ कर, परत घाल, बुटाची टाच दगडावर आपट, म्हणजे पाय मागं बसलेला असतानाच बांधायचं. पाय पुढं सरकलेल्या अवस्थेत कितीही आवळलंस तरी तू त्याला पुढंच बांधून ठेवतोयस. वरून पंधरा-वीस मिनिटं उतरलास की एकदा थांबून परत ओढ, कारण लेस आणि बुटाचं कापड पहिल्या टप्प्यात ताणून घेतं. बोट समोर लागतंय असं एकदा जरी जाणवलं तर तिथल्या तिथं थांब. पुढचा टप्पा झाल्यावर बघू म्हणालास तर तोपर्यंत नखानं दोन-चारशे धडका खाल्लेल्या असतात. मी तेच केलं होतं, मित्र पुढं गेले म्हणून.

किती घट्ट, हा प्रश्न येणार. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या, बोटं वर उचलताना पावलावरच्या शिरा दुखायला लागल्या किंवा बोटं बधिर झाली तर जास्त आवळलंस. उंचवटा ज्यांचा मुळातच उंच आहे त्यांना हे लवकर होतं. अशा वेळी सगळं सैल सोडू नकोस, नाहीतर परत पहिलंच. दुखतंय त्या ओळीवर लेस तिरकी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात ने, म्हणजे दुखऱ्या जागेवर खिडकी राहते, आणि त्याच्या वर परत तिरकं करून फासे घे. टाच धरलेली राहते, उंचवट्यावरचा दाब जातो.

तुझी काळी नखं आहेत तशी ठेव. सैल झालं म्हणून ओढू नको, खालचं नवीन येईपर्यंत तेच झाकण आहे, लटकलं तर फक्त सुटलेला भाग काप. अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, घाई करून होत नाही. रांगण्याला ते दुखरंच असेल तर एक लेसची युक्ती आहे, काळ्या नखाच्या बाजूचं, म्हणजे अंगठ्याजवळचं सगळ्यात खालचं भोक धर, त्यातून निघालेलं एक टोक तिरकं सरळ दुसऱ्या बाजूच्या सगळ्यात वरच्या भोकात ने, आणि दुसऱ्या टोकानं बाकीची भोकं भर. बांधताना ते तिरकं टोक ओढलं की बुटाचं नाक अंगठ्यावरून जरा वर उचललं जातं. पण यात टाच तेवढी घट्ट बसत नाही, म्हणून ही युक्ती थोड्या चालीपुरतीच, रांगण्याच्या लांब उतारासाठी फासेच बरे.

नवीन मार लागून नख रात्री ठणकायला लागलं, झोप येईना, तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरकडं जा, ते नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात आणि लगेच हलकं वाटतं. घरी सुई तापवून ते करायच्या भानगडीत पडू नको, आमच्या एका मित्राचा अंगठा असाच पिकला होता. घरात कुणाला शुगर असेल आणि पाय काळा-निळा झाला तर थांबायचंच नाही, दाखवायचं. आणि हो, काळा डाग नखाबरोबर पुढं सरकला पाहिजे. दोन-तीन महिने झाले तरी तो जागेवरच असेल, किंवा मार न लागता नखात उभी काळी रेघ दिसली, तर ट्रेकच्या माथी न मारता त्वचेच्या डॉक्टरला दाखव.

नखं ट्रेकच्या आदल्या रात्री काप असं सगळे सांगतात, तसं करू नकोस. तीन-चार दिवस आधी, सरळ रेषेत, कोपरे गोल न करता, बोटाच्या टोकाच्या जरा आत. आदल्या रात्री कापलं की कडा धारदार राहते आणि सॉक्सला किंवा बाजूच्या बोटाला लागते. नख बोटाच्या पुढं गेलेलं असेल तर मात्र तू वाढवलेल्या चार मिलीमीटरमधले दोन तिथंच गेले.

उतरायची पद्धत थोडक्यात, छोटी पावलं, गुडघे वाकवून, सरळ धाडकन टाच मारत न जाता वळत वळत. जास्त उंच पायरीवरून उडी मारलीस की लेस कितीही बांधलेली असू दे, पाय पुढं जाणारच.

नवीन बूट आणलेस तर रांगण्याला थेट घालू नको. आधी दोन-तीन वेळा जोतिबाला पायी जा, नाहीतर पन्हाळा चढून उतरून ये, सॅकमध्ये चार-पाच लिटर पाण्याच्या बाटल्या टाकून, म्हणजे वजनासकट कळेल. पन्हाळ्याच्या उतारावर टाच जागेवर राहते का बघ. खडूचा प्रयोग करून बघायचा असला तर इनसोलच्या पुढच्या कडेवर खडू फासून जा, खाली आल्यावर सॉक्सच्या टोकाला खडू लागलाय का ते बघ. लागला नसेल तर बूट ठेव. लागला असेल तर फासे परत ओढून एकदा उतर, आणि तरीही लागला तर बिल फाडलेलं नाही ना तेवढं बघ.